रिस्क रजिस्टरमधला स्कोअर: गुणाकार आला कुठून?

छोट्या प्रोजेक्टचं रिस्क रजिस्टर कसं दिसतं ते सगळ्यांना माहितीये. जोखीम, शक्यता, परिणाम, स्कोअर, उपाय, मालक, आणि लाल-पिवळा-हिरवा रंग. त्यामुळे कॉलम समजावत बसत नाही. मला बोलायचंय ते स्कोअरबद्दल, म्हणजे शक्यता गुणिले परिणाम याबद्दल, कारण बाकीचे कॉलम माणसं विचार करून भरतात आणि हा एकच एक्सेल आपोआप भरतो, आणि मीटिंगमध्ये मात्र सगळे त्याच्याचकडे बघून ठरवतात की आधी कशावर बोलायचं.

मूळ कल्पना जुनी आहे. १६५४ मध्ये जुगाराच्या डावावरून दोन फ्रेंच गणितज्ञांमध्ये पत्रव्यवहार झाला, आणि १६६२ मध्ये पॅरिसला छापलेल्या तर्कशास्त्राच्या एका पुस्तकात स्पष्ट म्हटलं गेलं की भीती नुसत्या नुकसानाच्या आकाराएवढी नको, ते घडायची शक्यता किती तेही धरायला हवं. म्हणजे शक्यता गुणिले नुकसान. हे बरोबरच आहे, यात कोणाचा वाद नाही. फक्त तिथे शक्यता ही खरी टक्केवारी होती आणि नुकसान खरे पैसे होते. पुढची जवळपास तीनशे वर्षं मी सरळ सोडून देतो, विमा कंपन्यांना त्यात रस असेल.

आपल्या टेबलाचा खरा जन्म लष्करी आणि इंजिनिअरिंगच्या कामात झाला. अमेरिकन लष्कराचं सिस्टीम सेफ्टीचं स्टँडर्ड १९६९ मध्ये आलं, आणि ऐंशीच्या दशकापर्यंत त्यात आडव्या-उभ्या चौकटींचा तक्ता रुळला. एका बाजूला गंभीरतेच्या चार पायऱ्या, दुसऱ्या बाजूला शक्यतेच्या पाच, एकूण वीस घरं. गंमत म्हणजे शक्यतेला अक्षरं दिली होती आणि गंभीरतेला रोमन आकडे, म्हणजे कोणी गुणायला गेलं तरी गुणता येऊ नये. २००० च्या आवृत्तीत त्या वीस घरांना १ ते २० नंबर दिलेत, पण ते गुणाकारातून आलेले नाहीत, बसून विचार करून लावलेले क्रमांक आहेत, १ सगळ्यात वाईट. 'क्वचितच होईल पण झालं तर माणसं मरतील' याला १२ नंबर, आणि 'सारखं होतं पण किरकोळ' याला १३. शेजारी-शेजारी आहेत, पण सारखे नाहीत, आणि कुठलं आधी ते कोणीतरी जबाबदारी घेऊन ठरवलंय. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्रोजेक्टवाल्यांकडे हे आलं नव्वदच्या दशकात. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं जोखीम व्यवस्थापनाचं स्टँडर्ड निघालं, त्याच्या १९९९ च्या आवृत्तीतल्या नमुना तक्त्यातही शक्यतेला ए ते ई अशी अक्षरं, परिणामाला १ ते ५, आणि घरांत आकडे नाहीतच, 'अति', 'जास्त', 'मध्यम', 'कमी' एवढंच. त्याच सुमाराला अमेरिकन प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सगळ्यात प्रसिद्ध गाइडच्या २००० च्या आवृत्तीत वेगळाच प्रकार होता. तिथे गुणाकार होता, पण शक्यतेला ०.१, ०.३, ०.५, ०.७, ०.९ असे आकडे आणि परिणामाला ०.०५, ०.१, ०.२, ०.४, ०.८, म्हणजे परिणामाची प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट. हे ज्याने बसवलं त्याला माहिती होतं की 'खूप मोठं' नुकसान हे 'किरकोळ' नुकसानाच्या पाचपट नसतं, कितीतरी जास्त असतं.

मग १ ते ५ गुणिले १ ते ५, कमाल २५, हे कुठून आलं? माझं मत असं की हे एक्सेलने आणि कंटाळ्याने केलं. ०.०५ लिहायला आणि मॅनेजरला समजवायला त्रास, १ ते ५ सगळ्यांना कळतं, आणि `=B2*C2` लिहिलं की खाली ओढायचं, झालं. त्यात एक दशांश अपूर्णांक नाही, कोणी प्रश्न विचारत नाही. आपल्याकडे हे पक्कं बसलं ते सॉफ्टवेअर कंपन्यांच्या सीएमएमआय या कामाची पद्धत तपासणाऱ्या मॉडेलची लेव्हल तीन आणि लेव्हल पाच मिळवायच्या धावपळीत. त्या मॉडेलमध्ये तिसऱ्या पातळीवर जोखीम व्यवस्थापन ही वेगळी प्रक्रियाच होती, मूल्यमापनाला माणसं आली की पुरावा दाखवावा लागायचा, आणि रंगीत आकड्यांची शीट हा दिसायला सगळ्यात छान पुरावा. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत ज्यांनी त्या शीट भरल्या तेच लोक पुढे सोसायटीच्या रिडेव्हलपमेंट कमिटीत, ट्रस्टच्या शाळेत, पतसंस्थेच्या संचालक मंडळात गेले आणि सवय सोबत घेऊन गेले. ऑडिटसाठी केलेली शीट आणि निर्णयासाठी केलेली शीट सारखीच दिसते, हाच सगळा घोटाळा.

आता आक्षेप काय ते नीट बघू. १९४६ मध्येच एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मोजमापांचे चार प्रकार मांडले होते, त्यातला एक म्हणजे नुसता क्रम सांगणारे आकडे. पहिला, दुसरा, तिसरा नंबर आला एवढंच त्यातून कळतं, अंतर किती ते नाही. असे आकडे एकमेकांशी गुणले तर उत्तराला अर्थ राहत नाही. आपला १ ते ५ नेमका याच जातीचा. २००८ मध्ये एका गणिती पेपरात तर दाखवून दिलं की जिथे जास्त शक्यतेच्या गोष्टी कमी नुकसानाच्या असतात आणि कमी शक्यतेच्या जास्त नुकसानाच्या, तिथे असला तक्ता चिठ्ठ्या टाकून निवडण्यापेक्षाही वाईट निवड करू शकतो. आणि छोट्या प्रोजेक्टमध्ये जोखमी बहुतेक अशाच असतात.

रचलेलं पण ओळखीचं वाटेल असं उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था, जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात जायचंय, आणि ३१ मार्चच्या आत सगळे खाते-शिल्लक नव्यात जुळायला हवेत. रजिस्टर असं:

| जोखीम | शक्यता | परिणाम | स्कोअर | मालक |
|---|---|---|---|---|
| जुन्या-नव्या शिलका जुळत नाहीत | ४ | ३ | १२ | मुख्य अकाउंटंट |
| व्हेंडर उशीर करतो | ३ | ४ | १२ | सचिव |
| डेटा गेला, बॅकअप परत येत नाही | १ | ५ | ५ | टीम |
| डेटा एंट्रीवाला सुट्टीवर | ५ | १ | ५ | शाखाधिकारी |

यात परिणामाच्या पायऱ्या अशा धरल्यात: १ म्हणजे दहा हजारांच्या आत, २ म्हणजे तीस हजारांपर्यंत, ३ म्हणजे लाखापर्यंत, ४ म्हणजे तीन लाखांपर्यंत आणि ५ म्हणजे त्याच्या वर. शक्यता १ म्हणजे दहा टक्क्यांच्या आत, ३ म्हणजे निम्म्याच्या आसपास, ५ म्हणजे जवळपास नक्की.

शेवटच्या दोन ओळी बघा. स्कोअर दोन्हीचा ५, दोन्ही हिरवे, आणि शीट स्कोअरवर सॉर्ट केली तर बॅकअप आणि सुट्टी एकाच पंक्तीत बसतात. आता खरे पैसे घाला. सुट्टीवाल्याचा खर्च, बदली माणूस धरून, पाच हजार, शक्यता ९० टक्के, म्हणजे ४,५०० रुपये. डेटा जाण्याचा खर्च, कागदी व्हाउचर काढून पुन्हा एंट्री करणं आणि बाहेरचा माणूस आणणं धरून आठ लाख, शक्यता फक्त ३ टक्के, तरी २४,००० रुपये. पाचपटीपेक्षा जास्त फरक, आणि टेबल म्हणतं सारखेच. वरच्या दोन ओळी पण तशाच: शिलका न जुळण्याचे ७० टक्के गुणिले साठ हजार म्हणजे ४२,०००, आणि व्हेंडरचे ५० टक्के गुणिले दीड लाख म्हणजे ७५,०००. स्कोअर दोन्हीचा १२.

हेच त्या २००० सालच्या दुप्पट होत जाणाऱ्या आकड्यांनी केलं असतं तर? बॅकअप ०.१ गुणिले ०.८ म्हणजे ०.०८, सुट्टी ०.९ गुणिले ०.०५ म्हणजे ०.०४५. शिलका ०.१४, व्हेंडर ०.२०. चारही वेगळे निघाले आणि क्रम पैशांच्या हिशोबाशी जुळला. म्हणजे गुणाकार हा मूळ गुन्हेगार नाहीच. पायऱ्या पैशांमध्ये तिप्पट-तिप्पट वाढतायत आणि आपण त्यांना १, २, ३, ४, ५ अशी समान अंतराची नावं दिली, गडबड तिथे आहे. त्या शीटचा बचाव करणारे म्हणतात की स्कोअर फक्त चर्चेची सुरुवात आहे, कोणी त्यावर डोळे झाकून निर्णय घेत नाही. मला हे पटत नाही, कारण महिन्याच्या मीटिंगला अर्धा तास असतो आणि हिरव्या ओळी वाचल्याच जात नाहीत. तुमच्या शीटमध्ये हे होतंय का ते बघायची सोपी खूण आहे: ५ बाय ५ मध्ये पंचवीस घरं असली तरी गुणाकार फक्त चौदा वेगवेगळे येतात, त्यामुळे एकाच स्कोअरच्या ओळी शेजारी ठेवा आणि विचारा की यातलं एकच टाळता येणार असेल तर कुठलं टाळाल. उत्तर लगेच आलं तर स्कोअरने काहीतरी लपवलंय.

गाड्या बनवणाऱ्यांनी हे शेवटी मान्य केलं. त्यांच्याकडे तीन आकड्यांचा गुणाकार होता, गंभीरता, वारंवारता आणि दोष पकडता न येण्याची शक्यता, प्रत्येकी १ ते १०, कमाल १०००. अनेक ठिकाणी १०० च्या वर गेलं की उपाय करा असा रिवाज पडला होता, आणि मग माणसं ९८ येईपर्यंत आकडे हलवायची. २०१९ मध्ये अमेरिकन आणि जर्मन उद्योगाने मिळून काढलेल्या हँडबुकमध्ये तो गुणाकार काढून टाकला आणि त्या जागी प्राधान्याचे तक्ते दिले, ज्यात आधी गंभीरता बघितली जाते. म्हणजे फिरून लष्करवाल्यांच्या विचार करून लावलेल्या क्रमाकडेच.

मालकाच्या कॉलमचा इतिहास छोटा आहे. ब्रिटिश सरकारी प्रोजेक्ट पद्धतीत आधी नुसता रिस्क लॉग होता, २००९ च्या आवृत्तीत त्याचं रजिस्टर झालं, आणि तिथे दोन वेगळी माणसं स्पष्ट सांगितली: जोखमीचा मालक, म्हणजे ती आटोक्यात राहतेय का याला जबाबदार असणारा, आणि प्रत्यक्ष उपाय करणारा. छोट्या प्रोजेक्टमध्ये दोन्ही एकाच कॉलममध्ये कोंबतात. वरच्या टेबलात व्हेंडरच्या ओळीला सचिव आहे ते बरोबर, कारण बिलाचा हप्ता अडवायचा अधिकार त्याच्याकडे आहे, कोऑर्डिनेटरचं नाव घातलं असतं तर तो फक्त फोन करत बसला असता. बॅकअपच्या ओळीला मात्र 'टीम' लिहिलंय. तिथे मालक मॅनेजर हवा, उपाय करणारा सिस्टीमवाला, आणि उपायाच्या रकान्यात 'नियमित बॅकअप' नको, तर 'फेब्रुवारी संपायच्या आत बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून पन्नास खात्यांच्या शिलका ताडून बघणे' असं हवं, कारण बॅकअप घेतला जातोय याने काही सिद्ध होत नाही, तो परत चढतो का हेच बघायचं असतं.