मोटर तीच, मग बिल वेगळं का? आमचे दोन रेट

रिवाइंडिंगचं बिल बघून बरेच जण विचारतात की मागच्या वेळी एवढं नव्हतं, मग आता कसं वाढलं, म्हणून एकदा नीट लिहून देतोय.

आमचं रोजचं काम खर्च अधिक नफा या हिशोबाने चालतं. समजा तुमची ५ एचपीची मोटर जळून आली. तांब्याची तार ४ किलो, किलोला १००० धरा, म्हणजे ४०००. पेपर, स्लीव्ह, वार्निश ४००, दोन बेअरिंग ६००, मजुरी १२००. झाले ६२००, त्यावर आमचे २० टक्के म्हणजे १२४०, बिल ७४४०. जुनं जळकं तांबं तुम्ही घेऊन जा नाहीतर वजन करून बिलातून वजा करा, पण वजन मात्र समोर उभं राहून बघा, सगळीकडेच बघत जा. तांबं महागलं की बिल वाढतं ते यामुळे, आणि खरं सांगायचं तर आमचा नफाही त्याच्यासोबत वाढतो, काम तेवढंच असून. या पद्धतीतली खोट हीच, की खर्च कमी करायची दुकानदाराला घाई नसते. म्हणून मजुरी आम्ही तासावर न लावता एचपीवर ठरवलीय, कारागीर रेंगाळला तर ते आमच्या अंगावर.

दुसरा रेट रात्री तातडीने येऊन आमची स्पेअर मोटर लावून देण्याचा, आणि तो ग्राहकाचं किती वाचतं त्यावर ठरतो. दूध शीतकरण केंद्रात रात्री कॉम्प्रेसरची मोटर गेली, आत २००० लिटर दूध, ३५ रुपयांनी ७०,००० चा माल. मग आम्ही ७०,००० बघून रेट लावायचा का? नाही, कारण त्या माणसाकडे दुसरा रस्ता असतो, टँकर बोलावून दूध दुसऱ्या केंद्रावर पाठवायचं, त्याला समजा ९००० लागतात. म्हणजे आमच्या मोटरची त्याला किंमत जास्तीत जास्त ९०००, त्याच्या वर मागितलं तर तो टँकरच बोलावणार ना. आम्ही ५००० घेतो. त्या रात्रीचा आमचा खर्च जेमतेम १५०० असतो हे मान्य, पण स्पेअर मोटरी वर्षभर रॅकवर पडून असतात, त्यात पैसा अडकलेला असतो, तो यातूनच सुटतो.

हा रेट शेतीपंपाला आम्ही लावत नाही. ऊस वाळत असला की शेतकरी म्हणाल तेवढे देईल, पण त्याच्याकडे टँकरसारखा दुसरा रस्ताच नसतो, मग ते अडला हरी असं होतं, आणि पुढच्या हंगामात तो आमच्या दारात येणार नाही.

रात्रीचा आकडा आम्ही निघायच्या आधी फोनवरच सांगतो. जमत नसेल तर सरळ नाही म्हणा, सकाळी ९ ला दुकान उघडलं की नेहमीच्या रेटने काम करून देऊ.