रॅमची उंची आणि एअर कूलरखालची जागा

रॅमची उंची तपासणे म्हणजे उंच हीट स्प्रेडरची, म्हणजे उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पत्र्याची रॅम विकत घेण्याआधी ती प्रोसेसरवरच्या मोठ्या एअर कूलरखाली बसेल की नाही, हे मिलिमीटरमध्ये पडताळून पाहणे. घरी संगणक जुळवणारे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय एकमेकांशी जुळतात का ते नीट बघतात. रॅम मात्र वेग, क्षमता आणि दिसणे पाहून उचलली जाते. तिची उंची कुणाच्या ध्यानातही येत नाही, आणि जुळणीच्या शेवटच्या तासात पंखा अडतो तो इथेच.

अडचण जागेच्या मांडणीतून येते. नेहमीच्या डेस्कटॉप मदरबोर्डवर रॅमचे चार स्लॉट प्रोसेसरच्या उजवीकडे, अगदी लागून असतात. दोन मनोऱ्यांचा, म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यांचे दोन उभे गठ्ठे असलेला कूलर प्रोसेसरपेक्षा कितीतरी रुंद असतो आणि त्याचा पुढचा पंखा मनोऱ्याच्याही पुढे, थेट या स्लॉटांवर येतो. दोनच रॅम लावायच्या असतील तर बहुतेक मदरबोर्ड त्या ए२ आणि बी२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायला सांगतात. त्यामुळे पहिला स्लॉट मोकळा राहतो आणि पाहणाऱ्याला वाटते की जागा झाली. पण पुष्कळ बोर्डांवर दुसरा स्लॉटही पंख्याच्या सावलीतच असतो.

नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा २०१४ साली आलेला एनएच-डी१५ हा कूलर या प्रश्नाचा नमुना म्हणून घेता येतो. पंख्यासह त्याची उंची १६५ मिमी आहे. दोन्ही पंखे लावले तर पुढच्या पंख्याखाली रॅमसाठी ३२ मिमी जागा उरते. या ३२ मागे कारण आहे: हीट स्प्रेडर नसलेली साधी डीडीआर४ रॅम ३१.२५ मिमी उंच असते. म्हणजे कूलर आखताना साधी रॅम धरलेली आहे, सजवलेली नाही.

बाजारातली रॅम मात्र याहून उंच निघते. कोर्सेअरची व्हेंजन्स एलपीएक्स ३४ मिमी आहे, तर जी.स्किलची ट्रायडेंट झेड आरजीबी ४४ मिमी. या दुसऱ्या रॅमची वरची दिव्यांची पट्टी आणि पत्र्याचे दाते यांनीच बरीचशी वाढीव उंची घेतलेली असते. रॅम थंड ठेवायला एवढा उंच पत्रा लागतो असे समजून अनेकजण जादा पैसे मोजतात. नेहमीच्या व्होल्टेजवर चालणाऱ्या रॅमला त्याची गरज नाही. खूप ताणून चालवलेल्या रॅमची गोष्ट वेगळी. दिवे हवे असतील तर जरूर घ्यावेत, पण त्यांची उंचीही आपण विकत घेतो आहोत हे माहीत असावे.

आता हाच हिशेब मांडून पाहू. रॅम ४४ मिमी, पंख्याखालची जागा ३२ मिमी, फरक १२ मिमी. पुढचा पंखा तारेच्या क्लिपांनी मनोऱ्याच्या कडांना अडकवलेला असतो, त्यामुळे तो वर सरकवता येतो. १२ मिमी वर घेतला की रॅम खाली आरामात बसते, आणि प्रश्न सुटला असे वाटते. पण पंखा वर गेला तशी कूलरची एकूण उंचीही वाढली: १६५ अधिक १२, म्हणजे १७७ मिमी. कोर्सेअर ४०००डी या कॅबिनेटमध्ये १७० मिमीपर्यंतचा कूलर मावतो. तिथे बाजूची काच लागणार नाही. फ्रॅक्टलच्या डिफाइन ७ मध्ये १८५ मिमी जागा आहे, तिथे हीच जोडी बसेल. आणि रॅम ३४ मिमीची घेतली तर पंखा दोनच मिमी चढतो, एकूण १६७ होतात आणि ४०००डी ची काचही बंद होते. म्हणून ‘रॅम कूलरखाली जाते का?’ एवढा प्रश्न अपुरा आहे. रॅमची उंची, पंख्याखालची जागा आणि कॅबिनेटची मर्यादा हे तीन आकडे एकत्र मांडल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

पंखा न चढवता निभावण्याचा एक मार्ग आहे. एनएच-डी१५ च्या मनोऱ्यांच्या खालच्या फिन, म्हणजे पातळ पत्रे, आत घेतलेल्या आहेत. पुढचा पंखा काढून फक्त दोन मनोऱ्यांमधला पंखा ठेवला, तर ६४ मिमीपर्यंतची रॅम खाली मावते आणि कूलरची उंचीही वाढत नाही. तापमान थोडे वाढते, पण कार्यालयीन कामाच्या किंवा मध्यम प्रोसेसरच्या मशीनवर हा सौदा मला चांगला वाटतो. काढलेला पंखा मागच्या मनोऱ्याच्या पाठीशी लावण्याचाही पर्याय लोक वापरतात. तिथे मात्र मदरबोर्डचा मागचा उंच हीटसिंक किंवा कॅबिनेटचा मागचा पंखा आड येतो का ते आधी पाहावे लागते.

मोजताना एक चूक हमखास होते. उत्पादक रॅमची उंची खालच्या सोनेरी संपर्कपट्टीच्या कडेपासून माथ्यापर्यंत देतात, आणि कूलरचा आकडाही अशाच पूर्ण उंचीशी ताडायचा असतो. स्लॉटमध्ये लावलेल्या रॅमला वरून फूटपट्टी लावली तर स्लॉटात दडलेला भाग सुटतो आणि उंची कमी भरते. जुनी रॅम हाताशी असेल तर ती स्लॉटमधून काढावी, सपाट टेबलावर उभी धरावी आणि व्हर्नियर कॅलिपरने सर्वांत उंच दाता मोजावा. मधला खोलगट भाग मोजून चालत नाही. नवी घेताना कंपनीच्या तपशीलपत्रातला आकडा पाहावा. एकाच नावाच्या मालिकेत दिव्यांची आणि बिनदिव्यांची रॅम वेगवेगळ्या उंचीची असू शकते, म्हणून मॉडेल क्रमांक पूर्ण जुळवावा. आकड्यांवर मिलिमीटर-दोन मिलिमीटर जागा सोडणे शहाणपणाचे.

तपासणी राहून गेली तर ते कसे कळते? पंख्याची तार खाली ओढूनही मनोऱ्याच्या कडेला अडकत नाही, किंवा अडकते पण पंखा तिरका राहतो. बरेचजण इथे जोर लावतात, पण तो लावू नये. दाबामुळे रॅम स्लॉटात एका बाजूला कलते, संपर्क सुटतो आणि मशीन चालू केल्यावर पडदा काळाच राहतो. मदरबोर्डवर असेल तर रॅमचा दिवा पेटलेला दिसतो. कूलर काढून रॅम पुन्हा बसवली की बहुधा सगळे ठीक होते. दुसरी खूण सूक्ष्म आहे: पंख्याची चौकट हीट स्प्रेडरला जेमतेम टेकलेली असते आणि पंखा वेगाने फिरू लागला की बारीक घुरघुर ऐकू येते. एक कागदाची पट्टी दोन्हींच्या मधून सरकवून पाहावी. ती अडकली तर पंखा एक-दोन मिमी वर घ्यावा, आणि मग बाजूची काच लावून पाहावी.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सगळे भाग एकाच दुकानातून घेतले, तर पैसे देण्याआधी कूलर आणि रॅमची खोकी शेजारी ठेवून हे तीन आकडे काढायला लावता येतात. भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून ऑनलाइन मागवले, तर हा हिशेब आपल्यालाच करावा लागतो, आणि तो रॅमची ऑर्डर देण्याआधी करायचा असतो. कूलर आणि कॅबिनेट ठरलेले असतील, तर बदलायला सर्वांत सोपी आणि स्वस्त वस्तू रॅमच असते.