ताप उतरला, आता फक्त पित्ताची गोळी द्या

जुलैपासून गणपती होईपर्यंत मुंबईतल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारी मागणी म्हणजे ताप-अंगदुखीची गोळी. ती मागणाऱ्यांपैकी बहुतेकांना साधा विषाणूजन्य ताप असतो आणि तो तीन-चार दिवसांत आपोआप जातो. काहींना मलेरिया असतो, काहींना डेंग्यू, काहींना लेप्टो. काउंटरवर उभं राहून आजाराचं निदान करता येत नाही आणि फार्मासिस्टने ते करूही नये. त्याने ठरवायचं एवढंच की या माणसाला गोळी देऊन घरी पाठवता येईल, उद्या-परवा डॉक्टरकडे जायला सांगून चालेल, की आत्ताच पाठवायला हवं. हा निर्णय चारपाच प्रश्नांवर होतो आणि ते प्रश्न विचारायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

गेली अनेक वर्षं मी हे काम करतो आहे. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फसवं गिऱ्हाईक तापाने फणफणलेलं नसतं. ज्याचा ताप नुकताच उतरलाय आणि ज्याला आता फक्त पित्ताची गोळी हवी आहे, तो जास्त फसवतो.

कुर्ल्याच्या एका दुकानात मी असताना एक बाई सकाळी आल्या. "दादा, पित्ताची गोळी द्या आणि ओआरएसची दोन पाकिटं."

"कोणासाठी, ताई?"

"दिराला. ताप होता, तो उतरला कालच्या रात्री. आता नुसतं मळमळतंय, पोट दुखतंय म्हणतो."

काउंटरवरचा पहिला प्रश्न नेहमी "कोणासाठी" हाच असतो, कारण समोर उभा असलेला माणूस बऱ्याचदा रुग्ण नसतोच. दुसरा प्रश्न, किती दिवस? शुक्रवारी संध्याकाळी ताप आला होता आणि त्या दिवशी मंगळवार होता, म्हणजे आजाराचा पाचवा दिवस. तिसरा, आणखी काय होतंय? पहाटेपासून तीन उलट्या, पोटात सतत दुखणं, हातपाय गार, बिछान्यातून उठवत नाही. चौथा, आतापर्यंत काय काय घेतलं? पॅरासिटामॉल, आणि अंगदुखी फार होती म्हणून एका मित्राने दिलेल्या आयब्युप्रोफेनच्या गोळ्या. पाचवा प्रश्न इतर आजारांचा, तसा कुठलाच आजार नव्हता. मग मी विचारलं, "लघवीला शेवटचं कधी गेला?" त्या थांबल्या. रात्री झोपण्यापूर्वी गेला असेल, म्हणाल्या. तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते.

शिवाय त्यांच्याकडे एक दिलासा होता. दुसऱ्या दिवशीच रक्त तपासलं होतं आणि पेशी, म्हणजे प्लेटलेट, 1 लाख 70 हजार होत्या. "रिपोर्ट नॉर्मल आलाय," असं त्यांनी दोनदा सांगितलं.

पित्ताची गोळी देऊन मी त्यांना पाठवलं असतं, तर मळमळ काही तास दबली असती आणि ते काही तासच महत्त्वाचे होते. त्याचं कारण डेंग्यूच्या चालीत आहे. डेंग्यूचा विषाणू रक्तात असतो तेव्हा ताप असतो. शरीर त्याला आवरत आणतं तसा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो. बहुतेक रुग्ण इथून बरे होतात. काहींच्या बाबतीत मात्र नेमकं याच वेळी दुसरं संकट सुरू होतं. विषाणूचं एक प्रथिन आणि प्रतिकारशक्तीने सोडलेली रसायनं मिळून बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सैल करतात. मग रक्तातला पाण्याचा भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाहिन्यांबाहेर झिरपून पोटात आणि छातीत साठू लागतो. ही गळती साधारण 24 ते 48 तास चालते आणि नंतर थांबते. तेवढा वेळ रक्ताभिसरण सांभाळलं तर माणूस वाचतो.

हे समजलं की त्या बाईंनी सांगितलेल्या प्रत्येक तक्रारीचा अर्थ बदलतो. पोट दुखतं ते यकृताला सूज आल्याने आणि पोटात पाणी साठल्याने. हातपाय गार पडतात, कारण रक्त कमी पडू लागलं की शरीर त्वचेकडचा पुरवठा आवळून मेंदू-हृदयाकडे वळवतं. लघवी होत नाही, कारण मूत्रपिंडाला पुरेसं रक्त मिळत नाही. वरवर पाहिलं तर यातली प्रत्येक गोष्ट पित्त किंवा अशक्तपणा म्हणून खपून जाते. तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी या तक्रारी एकत्र आल्या, तर त्या काउंटरवर हाताळायच्या नसतात.

दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टचा दिलासा म्हणूनच फोल होता. पेशी पडतात त्या सहसा ताप उतरण्याच्या आसपास. आणि पेशींपेक्षाही हिमॅटोक्रिट हा आकडा जास्त बोलतो. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के आहे, ते तो सांगतो. पाणी बाहेर झिरपलं की उरलेलं रक्त घट्ट होतं आणि हा आकडा चढतो. सीबीसीच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये तो छापलेला असतो, पण घरचे लोक फक्त पेशींची ओळ शोधतात. पपईच्या पानांच्या गोळ्या मागणाऱ्यांना मी हेच समजावून सांगतो. पेशी वाढोत न वाढोत, त्या गोळीने गळती थांबत नाही, आणि ती घेऊन घरी बसण्यात गेलेला दिवस परत मिळत नाही.

मी बाईंना पित्ताची गोळी दिली नाही. एका चिठ्ठीवर लिहून दिलं: ताप शुक्रवारी संध्याकाळपासून, सोमवारी रात्री उतरला, पहाटेपासून तीन उलट्या, पोटदुखी, बारा तासांत लघवी नाही, आयब्युप्रोफेन चार गोळ्या घेतल्या, शेवटची काल दुपारी. "रिक्षा करा आणि थेट मोठ्या दवाखान्यात न्या, चालवत नेऊ नका," असं सांगितलं. अशी चिठ्ठी हातात असली की कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांचे पहिले दहा प्रश्न वाचतात, आणि घाबरलेल्या नातेवाइकाला तारखा आठवत बसावं लागत नाही. रुग्ण बेशुद्ध असता, किंवा नाका-हिरड्यांतून रक्त, काळी शौच, धाप यातलं काही असतं, तर तिथूनच 108 ला फोन केला असता.

दोन दिवसांनी बाई स्वतः येऊन सांगून गेल्या. तिथे रक्तदाब 104/86 भरला होता. वरचा आकडा ऐकून घरच्यांना वाटलं ठीक आहे. डॉक्टरांनी पाहिलं ते दोन आकड्यांमधलं अंतर. ते 20 किंवा त्याहून कमी झालं की शॉकची सुरुवात मानतात, आणि इथे ते 18 होतं. हिमॅटोक्रिट दुसऱ्या दिवशी 42 होतं ते 51 वर गेलं होतं, पेशी 64 हजार. दोन दिवस मोजून-मापून सलाइन दिलं, पेशी चढवाव्या लागल्या नाहीत, आणि तो घरी आला.

आता त्या आयब्युप्रोफेनबद्दल. पावसाळ्यात मुंबईत कारण न कळलेल्या तापासाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन किंवा मुलांना सर्रास दिलं जाणारं मेफेनामिक ॲसिड मी देत नाही. डेंग्यूत प्लेटलेट आधीच कमी होतात. ही औषधं उरलेल्या प्लेटलेटना एकमेकींना चिकटून रक्त थांबवण्याचं काम नीट करू देत नाहीत आणि पोटाच्या आतल्या अस्तरालाही इजा करतात. दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढतो. पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडावरही ताण येतो. अडचण अशी की आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्या लोक "तापाची गोळी" म्हणूनच ओळखतात. म्हणून स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायला मी गिऱ्हाइकाला लावतोच. ज्यांना हृदयविकारासाठी रोजचं ॲस्पिरिन चालू आहे त्यांनी मात्र ते स्वतःहून बंद करू नये. ताप आल्याबरोबर डॉक्टरांना विचारावं.

ताप कालच आलाय, माणूस तरुण आहे, खातो-पितो आहे, वरच्यापैकी कुठलीच तक्रार नाही, तर पॅरासिटामॉल पुरतं. मोठ्या माणसाला 500 मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या, दोन वेळांमध्ये निदान सहा तासांचं अंतर. चोवीस तासांत आठ गोळ्यांची मर्यादा सांगितली जाते, पण डेंग्यूत यकृत आधीच सुजलेलं असतं म्हणून मी सहावरच थांबायला सांगतो. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते या हिशेबात धरायला हवं. लहान मुलांच्या सिरपमध्ये चूक वेगळीच होते. एका बाटलीत 5 मिलिलिटरला 120 मिलिग्रॅम असतात, दुसरीत तेवढ्याच मापात 250. दहा किलोच्या बाळाला पहिल्या बाटलीचं एक माप बरोबर बसतं, दुसऱ्या बाटलीचं तेच माप दुपटीच्या वर जातं. भरपूर पाणी, पेज, सरबत, ओआरएस प्यावं आणि निदान सहा तासांतून एकदा लघवी होते ना ते पाहावं. ताप दोन दिवसांत गेला नाही, तर पालिकेच्या दवाखान्यात किंवा नेहमीच्या डॉक्टरकडे रक्त तपासून घ्यावं. गरोदर बाई, तीन महिन्यांच्या आतलं बाळ, मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा जुना रुग्ण यांच्यासाठी दोन दिवसांची ही मुभा नाही. त्यांना पहिल्याच दिवशी पाठवायचं.

मुंबईत एक प्रश्न आणखी विचारावा लागतो: गेल्या दोन-तीन आठवड्यांत साचलेल्या पाण्यातून चाललात का? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत शहरात लेप्टोचे रुग्ण वाढले. उंदरांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात येतात आणि पायावरच्या बारीकशा जखमेतूनही शरीरात शिरतात. ताप साधारण पाच ते चौदा दिवसांनी येतो, तोवर माणूस ते पाणी विसरलेला असतो. पोटऱ्या दाबल्या तरी कळवळतो, डोळे लाल आहेत पण चिपडं नाहीत, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. डोळे पिवळे, लघवी कमी किंवा खोकल्यातून रक्त असेल तर थेट रुग्णालय.

पाण्यातून आल्यावर घ्यायची डॉक्सिसायक्लिन लोक काउंटरवर मागतात. पालिका दर पावसाळ्यात सांगते की ती डॉक्टरांच्या सल्ल्याने 72 तासांच्या आत घ्यावी, आणि गोळीही शेड्यूल एचमधली आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाही. यामागे कारण आहे. पायाला जखम होती का, पाण्यात किती वेळ होता, यावर डोस बदलतो, आणि गरोदर बाईला व आठ वर्षांच्या आतल्या मुलाला डॉक्टर वेगळं औषध देतात. आणि एकदा ताप चढला की प्रतिबंधाचा तो डोस पुरत नाही, उपचाराचा लागतो. म्हणून डॉक्सिसायक्लिन मागणाऱ्याला मी आधी विचारतो की अंगात ताप आहे का, आणि पाण्यातून चाललेली तारीख त्याच्याच हाताने कागदावर लिहून घेतो.