वस्त्राची परिचयपट्टी

संग्रहालयात जुन्या वस्त्राशेजारी जो छोटा मजकूर लावतात, त्याला परिचयपट्टी म्हणतात. वस्त्र कशाचे आहे, कसे विणले किंवा शिवले आहे, आज कोणत्या अवस्थेत आहे आणि कोणत्या काळातले आहे, एवढ्या गोष्टी तिच्यात येतात. यांतली काळाची ओळ सर्वांत आधी वाचली जाते, पण ती सर्वांत शेवटी लिहायची असते. पुण्यात हा क्रम हमखास उलटा होतो. पेठेतल्या वाड्यातून निघालेले जरीचे कोणतेही वस्त्र घरच्यांच्या बोलण्यात ‘पेशवेकालीन’ असते आणि तोच शब्द पुष्कळदा पट्टीवर चढतो. दिनकर गंगाधर केळकरांनी जमवलेला आणि आज शुक्रवार पेठेत असलेला संग्रह पाहिला, की जुन्या घरांत किती काय टिकून राहते ते कळते. मात्र वाडा जुना म्हणून त्यातली पेटी जुनी आणि पेटी जुनी म्हणून आतले लुगडे जुने, असे धरून चालत नाही.

उदाहरणादाखल नऊवारी पैठणी घेऊ. समजा, सदाशिव पेठेतल्या एका कुटुंबाने ती देणगी दिली. लांबी साधारण सव्वाआठ मीटर, अंग जांभळट लाल, पदर भरगच्च जरीचा, त्यावर वेलबुट्टी आणि मुनिया, म्हणजे छोटे पोपट. घरातले सांगतात, ‘ही पेशव्यांच्या वेळची.’

पहिली तपासणी साहित्याची. अंग रेशमी की सुती, हे पाहायचे, कारण जुन्या पैठण्यांत अंग बारीक सुताचे आणि पदर रेशीम-जरीचा अशीही वीण आढळते. मग जर. चांगल्या जुन्या जरीत सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची चपटी तार रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेली असते, हाच कलाबतू. भिंगाखाली एखाद्या झिजलेल्या जागी तारेचे वेढे सुटून आतला धागा दिसतो. तो रेशमाचा आहे की सुताचा, आणि उघडी पडलेली तार पांढरी आहे की तांबूस, एवढ्यावरून बरेच उमगते. तांबूस तार म्हणजे तांब्यावर चढवलेली हलकी जर. पट्टीवर नुसते ‘सोन्याची जर’ लिहिणे चूक. सोने वरच्या अगदी पातळ थरापुरते असते.

बांधणीचा पुरावा पदराच्या उलट्या बाजूला असतो. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, स्वतंत्र छोट्या कांडीवर असतो. तो आपल्या रंगाच्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. त्यामुळे मागे लोंबते धागे राहत नाहीत आणि पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसले, तर ती वीण वेगळी आणि पट्टीवरचे नावही बदलावे लागते. काठ अंगाशी कसा जोडला आहे, तेही पाहतात. तीन धोट्यांच्या विणकामात दोन काठ आणि अंग यांचे बाणे वेगवेगळे असतात आणि सांध्यावर एकमेकांत गुंततात.

आता काळ. आपल्या पैठणीतल्या मुनियांपैकी काहींच्या पंखात झगझगीत किरमिजी-गुलाबी रंग आहे. घडीच्या आत तो ताजा आहे, घडीच्या कडेला उजेड लागला तिथे फिकट पडला आहे. हे लक्षण कृत्रिम रंगाकडे बोट दाखवते. पहिला कृत्रिम जांभळा रंग १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झाला आणि किरमिजी मॅजेंटा त्यानंतर दोन-तीन वर्षांत आला. पेशवाई १८१८ मध्येच संपली होती. म्हणजे हा धागा मूळ विणीचा असेल, तर पैठणी पेशवेकालीन असणे शक्य नाही.

सगळा निर्णय या ‘असेल तर’वर टांगलेला आहे, कारण जुन्या पैठण्यांवर रफू झालेले असते. त्यामुळे तो गुलाबी धागा भिंगाखाली नीट पाहावा लागतो. विणीतला धागा पंखाच्या कडेपर्यंत सरळ जातो, शेजारच्या धाग्यात अडकून परततो आणि दोन्ही बाजूंना तेवढाच दिसतो. रफूचा धागा मात्र मूळ ताण्यांच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, वर-खाली थोडा ओबडधोबड चालतो, पंखाची हद्द ओलांडून चांगल्या विणीत शिरतो, आणि उलट्या बाजूला त्याची टोके सापडतात. आपल्या उदाहरणात धागा विणीतला निघाला. रंग खरोखर कृत्रिम आहे का, हे केवळ डोळ्यांनी ठरत नाही. लाख किंवा किरमिज या नैसर्गिक रंगांचा लालही गुलाबीकडे झुकू शकतो. त्यासाठी सुटलेल्या धाग्याचा अगदी लहानसा तुकडा प्रयोगशाळेत तपासावा लागतो. समजा, तिथेही तो कृत्रिमच ठरला.

रंगाने काळाची फक्त सुरुवातीची हद्द पक्की होते, म्हणजे ‘याच्या आधीची नाही’. शेवटची हद्द, म्हणजे ‘याच्या नंतरची नाही’, ती दुसरीकडून शोधावी लागते. समजा, कुटुंबाकडे लग्नातले एक छायाचित्र आहे, १९०५ साल त्यावर लिहिलेले आहे आणि नवरीच्या खांद्यावर हाच पदर ओळखू येतो. मग पट्टीवर ‘सुमारे १८६० ते १९०५’ असे लिहिता येते आणि ते घरच्या आठवणीपेक्षा कितीतरी भरवशाचे आहे. ठिकाणाबाबत जास्त सावध राहावे. त्या काळी पैठण निजामाच्या राज्यात होते, येवले इंग्रजी मुलखात, आणि दोन्हीकडे हीच वीण चालत असे. पावती किंवा पत्र नसेल, तर ‘पैठण किंवा येवले’ लिहिणेच प्रामाणिकपणाचे.

अवस्थेची ओळ लिहिताना ‘जीर्ण’ हा शब्द टाळावा, कारण त्यातून काहीच कळत नाही. इजा कुठे आणि कशाने, ते हवे. पिढ्यान्‌पिढ्या त्याच रेषेवर घडी घातल्याने जरीची तार तिथे तुटते आणि मग रेशीम चिरते. जरीच्या जड पदराचा भार जिथे हलक्या अंगावर येतो, त्या सांध्याशी ते उसवते. काळा रंग लोहयुक्त असेल तर तेवढेच धागे भुगा होऊन गळतात आणि बाजूचे रंग शाबूत राहतात. पाहणाऱ्याला ती कसर वाटते. खरी कसर लागलेली असेल तर भोके कुरतडल्यासारखी, रंगाची हद्द न पाळता पडतात. जर काळी पडणे हे चांदीचे काम आहे. घरी ती चिंच-लिंबाने उजळायचा मोह होतो, पण घासण्यात सोन्याचा थर आधी जातो. जुने रफू उसवू नये. पट्टीवर त्याची नोंद घ्यावी.

मग मजकूर असा उतरतो:

‘नऊवारी पैठणी. पैठण किंवा येवले, सुमारे १८६०–१९०५. रेशीम, रेशमी धाग्यावर मुलामा दिलेल्या चांदीची जर. पदर गुंतवलेल्या बाण्याचा, दोन्ही बाजूंनी सारखा. मुनियांच्या पंखांत त्या काळी नव्याने आलेला कृत्रिम किरमिजी रंग. घड्यांवर चिरा, पदराच्या सांध्याशी घरगुती रफू. पुण्यातील कुटुंबाची देणगी. फक्त पदर मांडला आहे.’

शेवटचे वाक्य अनेक पट्ट्यांवर नसते, पण ते असावे. सव्वाआठ मीटर वस्त्र कपाटात मावत नाही, त्यामुळे पदर तिरक्या फळीवर पसरतात आणि उरलेले धुतलेल्या मलमलीसह नळीवर गुंडाळतात. उजेड ५० लक्सच्या आत ठेवतात. तरीही तो साठत जातो आणि त्या किरमिजी पंखावर तर लवकर उमटतो. म्हणून काही महिन्यांनी वस्त्र काढून दुसरे मांडतात, आणि पट्टीही त्याच दिवशी बदलावी लागते.