सलाईन संपली की हवा शिरते?

"सिस्टर, बाटली संपली की नळीतनं हवा शिरून माणूस मरतंय म्हणे, खरं काय?"

रात्री दोन वाजता खानापूरकडची मावशी पोराच्या उशाशी बाटलीकडं टक लावून बसलेली, मी घड्याळ धरून थेंब मोजत होते, 500 मिली आठ तासांत म्हणजे आमच्या सेटला मिनिटाला 21. मावशी, शिरेतलं रक्तपण उलटा दाब देतंय, म्हणून बाटली रिकामी झाली की नळीतलं पाणी थोडं खाली येऊन तिथंच थांबतंय, बारीक बुडबुडा गेलाच तर फुफ्फुसात जिरतोय. त्रास वेगळाच, नळीत रक्त चढून गोठलं की पोराला परत टोचायला लागतंय, म्हणून संपत आली की हाक मारा. बाटली बदलली, तिचा हात पोराच्या हातावर ठेवला, पाच मिनिटांत डोळा लागला तिचा.