तहसीलकडून केळीची पीक पाहणी माहिती मागवायचीय? पत्रात कारण, नमुना आणि तारीख कशी लिहायची

मे-जूनमधे रावेर-यावल पट्ट्यात वादळ आलं की केळीच्या बागा आडव्या होतात, पंचनामे सुरू होतात आणि मग तालुका कृषी कार्यालयातून तहसीलला एक ओळीचं पत्र जातं, "तालुक्यातील केळी क्षेत्राची माहिती तात्काळ सादर करावी". आता हे पत्र ज्याच्या टेबलावर पडतं त्याने काय समजायचं सांगा. तो बिचारा तालुक्याचा एकूण हेक्टरचा एक आकडा काढून सही घेऊन पाठवून देतो, आणि इकडे हवी असते गटनिहाय यादी. मग फोन, मग परत पत्र, आणि तिकडे शेतकऱ्याची यादी अडकून राहते. म्हणून हेच एक प्रकरण धरून सांगतो, बाकी कुठल्याही खात्याकडून माहिती मागवायची असेल तरी पद्धत हीच.

आधी पात्रता, म्हणजे कोण मागू शकतं. पत्र कार्यालयाचं असतं, टेबलवाल्याचं नाही. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या सहीने तहसीलदारांना, म्हणजे तालुक्याने तालुक्याला. कृषी सहायकाने परस्पर तलाठी आप्पांना चिठ्ठी देऊन यादी आणली तर ती कामाला येते पण फाईलला लागत नाही, उद्या आकडा चुकला तर कुणी दिला याला उत्तर राहत नाही. जिल्ह्याची एकत्र माहिती हवी असेल तर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कलेक्टर ऑफिसला लिहितील, तालुक्याने थेट वर उडी मारायची नाही. आणि काही जण म्हणतात माहिती अधिकारात टाकून देऊ, तर तो कायदा नागरिकासाठी आहे, एका खात्याने दुसऱ्या खात्याकडून रोजच्या कामाची माहिती घ्यायचा तो रस्ता नाही, शिवाय त्याची मुदतच 30 दिवसांची.

माहिती नक्की कुणाकडे आहे तेही बघून घ्या. सातबारा, आठ-अ, पीक पाहणी हे महसूलकडे म्हणजे तहसीलला. मोजणीचे नकाशे भूमी अभिलेखला. चुकीच्या दारात पत्र गेलं तर ते फिरत फिरत आठवड्याने परत येतं.

आता मुख्य गोष्ट म्हणजे कारण. बरेच जण ते शेवटी लिहितात किंवा लिहीतच नाहीत, मी म्हणतो कच्च्या टिपणीत सगळ्यात आधी कारणच लिहा, कारण नमुना आणि तारीख दोन्ही त्याच्यातूनच निघतात. आपलं कारण समजा असं आहे: 5 जूनच्या वादळात 14 गावांतली केळी पडली, पंचनामे झालेत, त्यातल्या गट नंबरची आणि क्षेत्राची पीक पाहणीशी जुळवणी करून यादी जिल्ह्याला 23 जूनला द्यायचीय. एवढं वाचलं की तिकडच्या माणसाला कळतं की त्याला पूर्ण तालुका नकोय, 14 गावंच हवीत. एकूण आकडा नकोय, गटनिहाय हवंय. आणि 5 जूनला शेतात उभी असलेली केळी हवीय. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन लागवडी, पीक वर्षभराच्या वर शेतात उभं असतं, त्यामुळे नुसतं "चालू वर्षाची केळी" मागितली तर कुणी मागच्या हंगामाची नोंद देईल, कुणी नवीन लागवड धरेल, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील. कारण लिहिलेलं असलं की तो स्वतःच फोन करतो, "भाऊसाहेब, मागच्या वर्षीच्या लागवडीची नोंद पण लागेल ना तुम्हाला?" असा एक फोन आला की समजायचं पत्र नीट गेलंय.

कारणात "शासकीय कामासाठी" लिहू नका, ते कारण नाही. "वरिष्ठांनी मागितली आहे" हे पण अर्धंच आहे, वरिष्ठांचं पत्र संदर्भात टाका आणि प्रत जोडा, पण कारण आपल्या शब्दात द्या.

आता नमुना. इथे थोडं थांबून सांगतो कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. रिकामी एक्सेल फाईल आपणच बनवून पाठवायची, रकाने आपण ठरवायचे: गाव, गट नंबर, खाते क्रमांक, खातेदाराचं नाव, पीक, क्षेत्र हेक्टर-आर, लागवडीचा दिनांक. बस. आधार नंबर, बँक खातं, मोबाईल मागू नका, जुळवणीला ते लागत नाही आणि अशी फाईल दहा ग्रुपवर फिरली तर जबाबदारी आपल्यावर येते. पीडीएफ किंवा प्रिंटचा फोटो चालणार नाही असं स्पष्ट लिहा, नाहीतर शेकडो ओळी परत टाईप करत बसावं लागतं. मराठी युनिकोडमधेच हवी हेही लिहा, जुन्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नावांच्या जागी नुसती चिन्हं दिसतात.

गट नंबरचा रकाना पाठवण्याआधीच टेक्स्ट फॉरमॅटला करून ठेवा. नाही केला तर 12/1 टाईप केलं की एक्सेल त्याची 12 जानेवारी करून टाकतं. त्रास असा की 135/2 तसाच राहतो, तारीख होऊ शकतील असेच गट बदलतात, म्हणून वरवर यादी ठीक वाटते आणि जुळवणीत मात्र लहान नंबरचे गट सापडतच नाहीत. रकान्यात मधेच महिन्याचं नाव दिसलं किंवा काही आकडे उजवीकडे सरकलेले दिसले की ओळखायचं.

क्षेत्राचंही तसंच आहे. 1 हेक्टर 5 आर म्हणजे 1.05, पण घाईत कुणी 1.5 लिहितं आणि एक्सेल ते 1.50 धरतं, म्हणजे एका ओळीत 45 आर वाढले, एक एकरापेक्षा थोडं जास्तच. म्हणून नमुन्यातच पहिली ओळ उदाहरण म्हणून भरून द्या, 1.05 लिहून, आणि दशांशानंतर दोन आकडे हवेत असं बाजूला टाका. गावांची नावं पण आपणच भरून द्या, कारण खुर्द-बुद्रुक राहून जातं आणि खिरोदा प्र. यावल सारखं गाव रावेर तालुक्यात असून नावात यावल आहे, नवीन माणूस हमखास ते दुसऱ्या तालुक्यात टाकतो. ज्या गावात नोंद नाही तिथे "निरंक" लिहावं असं सांगा. रिकामी जागा म्हणजे नोंद नाही की भरायचं राहिलं, हे कळत नाही.

पंचनाम्याची यादी त्यांना देऊन "यातल्या कुणाची केळी नोंदलीय त्यावर टिक करून द्या" असं मात्र मागू नका, जुळवणीचं काम आपलं आहे. त्यांनी फक्त जे आहे ते काढून द्यायचं, तेवढं मागितलं तर लवकर मिळतं.

तारीख उलटी मोजत यायची. जिल्ह्याला 23 जून सोमवार. जुळवणीला आणि सहीला दोन दिवस तर लागतातच, ते 19 आणि 20, गुरुवार-शुक्रवार. मधे शनिवार-रविवार सुटी, आता सगळेच शनिवार सुटीचे आहेत हे मोजताना लोक विसरतात. म्हणजे माहिती 18 जून बुधवारी आपल्या हातात हवी, आणि पत्र 10 जूनला त्यांच्या आवकला लागलं तर त्यांना कामाचे सहा दिवस मिळाले. "तात्काळ", "आठ दिवसांत" असं लिहू नका, आठ दिवस पत्राच्या तारखेपासून की आवकपासून यावरच वाद होतो. तारीख लिहा, वेळ लिहा. 2005 च्या बदल्या आणि दिरंगाईच्या कायद्यात साधारणपणे कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं आहे, तातडीची चार दिवसांत, पण पहिल्याच पत्रात कायद्याचं कलम टाकू नका, समोरचा उगाच बिथरतो. ते दुसऱ्या स्मरणपत्रासाठी ठेवा.

पत्राचा मजकूर असा जमतो:

विषय: दि. 5 जूनच्या वादळाने बाधित 14 गावांतील केळी पिकाची गटनिहाय पीक पाहणी माहिती मिळणेबाबत.

संदर्भ: जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी यांचे पत्र (प्रत सोबत).

उपरोक्त विषयान्वये, सोबतच्या यादीतील 14 गावांत केळी पिकाचे पंचनामे पूर्ण झाले असून त्यातील गट व क्षेत्राची पीक पाहणीशी जुळवणी करून यादी दि. 23 जून रोजी जिल्हा कार्यालयास सादर करावयाची आहे. त्याकरिता दि. 5 जून रोजी शेतात उभ्या असलेल्या केळी पिकाची नोंद, मागील हंगामातील लागवडीसह, सोबतच्या एक्सेल नमुन्यात दि. 18 जून रोजी दुपारी 3 वाजेपर्यंत कार्यालयाच्या ईमेलवर मिळावी, ही विनंती. सर्व गावांची माहिती एकत्रित शक्य नसल्यास तयार गावांची आधी पाठवावी. संपर्कासाठी या कार्यालयातील संबंधित लिपिकाचे नाव व दूरध्वनी खाली दिला आहे.

"सादर करावी" असं बरोबरीच्या कार्यालयाला लिहायचं नाही, ते खालच्या कार्यालयाला लिहितात. तहसीलला "मिळावी ही विनंती". छोटी गोष्ट आहे पण लोक मनाला लावून घेतात.

जोडायची कागदं तीनच: वरिष्ठांच्या पत्राची प्रत, 14 गावांची यादी, रिकामा नमुना. नमुना कागदावर जोडा आणि फाईल ईमेलने पाठवा, ईमेलच्या विषयात जावक क्रमांक टाका म्हणजे त्यांना कागद आणि फाईल जोडता येते. हाताने दिलं तर आपल्या स्थळप्रतीवर आवकचा शिक्का, तारीख घ्या. मग प्रकरण प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात, वर 16 जून लिहून. त्या सोमवारी फक्त फोन करायचा, किती गावं झाली विचारायला. 18 ला आलं नाही तर 19 ला सकाळी स्मरणपत्र, पहिल्या पत्राचा जावक क्रमांक संदर्भात टाकून.

माहिती आली की आधी गावं मोजा, 14 आहेत का, मग प्रत्येक गावाची बेरीज करा, मग 1 हेक्टरच्या वरच्या ओळी एकदा नजरेखालून घाला. आणि एक लक्षात ठेवा, ज्याचा पंचनामा आहे पण पीक पाहणीत केळी नाही, त्याची केळी नव्हतीच असं होत नाही, कित्येकांनी मोबाईलवर नोंदच केलेली नसते किंवा गट चुकीचा टाकलेला असतो. अशांची नावं खोडायची नाहीत, त्यांची गावनिहाय वेगळी यादी काढून त्याच दिवशी तहसीलला परत पाठवायची, "पंचनामा आहे, नोंद आढळत नाही, तलाठ्यांकडून खात्री होऊन मिळावी" असं लिहून, आणि या पत्राला पण स्वतःची तारीख द्यायची. 23 च्या यादीत ही नावं "खात्री प्रलंबित" शेऱ्यासह वेगळ्या पानावर जाऊ द्या.