३.१ टक्के कुठल्या रकान्यात?

फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन-तीन दिवस फोनवर एकच निरोप फिरत होता: २२ डिसेंबर २०३२ रोजी मुंबईवर लघुग्रह पडणार. पाठवणाऱ्यांत माझे एक सुशिक्षित मामेभाऊही होते. "अरे, नासानेच सांगितलंय, काल एक टक्का होता, आज तीन झालाय!" आकडा खरा होता, नासानेच दिला होता. तरीही निरोप चुकीचा होता, आणि तो का चुकीचा हे बऱ्याच बातम्यांतल्या 'काय माहीत आहे, काय माहीत नाही' या चौकटीलाही सांगता आलं नाही. वेगाने बदलणाऱ्या बातमीत अशी चौकट वाचकाला आधार द्यायला असते. पण आकडा चुकीच्या रकान्यात पडला, की तीच चौकट घबराट वाढवते.

हा लघुग्रह म्हणजे २०२४ वायआर४. चिलीतल्या अॅटलास दुर्बिणीने तो २७ डिसेंबर २०२४ रोजी टिपला. त्याच्या दोनच दिवस आधी तो पृथ्वीपासून सुमारे सव्वाआठ लाख किलोमीटरवरून निघून गेला होता. म्हणजे दिसला तेव्हाच तो पाठमोरा होता आणि रोज मंद होत चालला होता. जानेवारीच्या अखेरीस २०३२ मधल्या धडकेची शक्यता एक टक्क्यावर गेली आणि ठरलेल्या नियमाप्रमाणे जगभर सूचना निघाली. १८ फेब्रुवारीला नासाचा आकडा ३.१ टक्के झाला. दुसऱ्या दिवशी तो दीड टक्क्यावर आला आणि २४ फेब्रुवारीला ०.००४ टक्के. हा चढउतार बघून "शास्त्रज्ञांचाच गोंधळ आहे" असं अनेकांनी ठरवलं. गोंधळ कुठेच नव्हता. आकडा शून्यावर जाण्याआधी वर चढणं ही या गणिताची नेहमीची चाल आहे.

ती एकदा नीट पाहू.

समजा, शंभर घरांच्या वाडीत साप शिरलाय. कुठल्या घरात, ठाऊक नाही. तुमच्या घरात असण्याची शक्यता एक टक्का. सर्पमित्र एका टोकाकडून एकेक घर तपासत येतो. पन्नास घरं मोकळी निघाली, तुमचं अजून तपासायचंय. आता तुमची शक्यता दोन टक्के. अडुसष्ट घरं झाली, बत्तीस उरली: ३.१ टक्के. साप जागचा हललेला नाही. वाढली ती फक्त आपली माहिती, पण तुमच्या घराचा आकडा मात्र तिप्पट झाला. मग सर्पमित्र तुमच्या घरात येतो, सगळं बघतो, नाही म्हणतो. आकडा एका झटक्यात शून्य.

लघुग्रहाच्या बाबतीत घरांच्या जागी असते अवकाशातली एक लांबट पट्टी. काही आठवड्यांच्या निरीक्षणांवरून आठ वर्षांनंतरची जागा काढताना कक्षेतली बारीकशी चूक वाढत वाढत लाखो किलोमीटरची होते. त्या दिवशी लघुग्रह या पट्टीत कुठेतरी असेल, एवढंच सांगता येतं. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७५० किलोमीटर. पट्टीत सगळीकडे सारखीच शक्यता धरली (खरी शक्यता मध्यभागी जास्त आणि टोकांकडे कमी असते, पण अंदाजाला एवढं पुरे), तर एक टक्का म्हणजे पट्टी पावणेतेरा लाख किलोमीटर लांब. ३.१ टक्के म्हणजे तीच पट्टी आखडून चार लाखांवर आली. पृथ्वी तेवढीच, पट्टी आखूड, म्हणून पृथ्वीचा वाटा मोठा. पुढच्या निरीक्षणांनी पट्टी आणखी आखडली, पृथ्वी तिच्या टोकाबाहेर पडली आणि आकडा कोसळला. २००४ च्या डिसेंबरात अपोफिस या लघुग्रहाचंही असंच झालं होतं. तेव्हा २०२९ साठीचा आकडा २.७ टक्क्यांपर्यंत चढला आणि जुन्या छायाचित्रांत तो सापडताच निकाल लागला.

म्हणूनच माझं म्हणणं असं की ३.१ टक्के हा आकडा 'माहीत आहे' खाली लिहूच नये. ते लघुग्रहाचं वर्णन नाही, आपल्या अज्ञानाचं माप आहे. त्याची जागा 'माहीत नाही' खाली. १८ फेब्रुवारीची चौकट मी अशी लिहिली असती:

माहीत आहे (१८ फेब्रुवारी २०२५ पर्यंत): लघुग्रह सध्या पृथ्वीपासून दूर जातोय. आदळलाच तर तारीख २२ डिसेंबर २०३२. आदळण्याच्या संभाव्य जागा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया अशा एका अरुंद पट्ट्यात आहेत.

माहीत नाही: तो आदळेल का. नासाच्या गणिताने शक्यता ३.१ टक्के, युरोपीय अंतराळ संस्थेच्या २.८ टक्के. नवी निरीक्षणं येतील तशी ती आणखी वाढू शकते आणि मग एकदम शून्याजवळ जाऊ शकते. नेमका आकार: ४० ते ९० मीटर.

कधी कळेल: १२ तारखेच्या पौर्णिमेच्या उजेडात अडलेली निरीक्षणं पुन्हा सुरू झाली आहेत. एप्रिलनंतर तो पृथ्वीवरच्या दुर्बिणींना दिसणार नाही. तोवर निकाल लागला नाही, तर २०२८ पर्यंत थांबावं लागेल.

तिसरा भाग बहुतेक चौकटींत नसतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात कामाचा. 'माहीत नाही' नुसतं लिहून सोडलं की ती पोकळी भविष्यवाले भरतात. त्याच आठवड्यात एका वाहिनीवर या धडकेचा संबंध शनीच्या राश्यंतराशी जोडलेला मी स्वतः पाहिला. दोन संस्थांचे आकडेही दोन्ही द्यावेत. दोघांच्या गणिताच्या पद्धती थोड्या वेगळ्या, म्हणून किंचित फरक. एकच दिला, तर दुसरा आकडा वाचणाऱ्याला वाटतं की काहीतरी दडवलंय.

आकाराचं अज्ञान वेगळ्या जातीचं आहे, त्याची आणि शक्यतेच्या आकड्याची गल्लत करू नये. दुर्बिणीला दिसतो तो फक्त प्रकाशाचा ठिपका. पांढुरका छोटा दगड आणि कोळशासारखा काळा मोठा दगड सारखेच उजळ दिसू शकतात, म्हणून ४० ते ९० एवढी मोठी तफावत. ही तफावत लघुग्रहाची जागा नेमकी कळल्याने कमी होत नाही. त्यासाठी दगडाची उष्णता मोजावी लागते. जेम्स वेब दुर्बिणीने मार्चमध्ये ती मोजली आणि आकार सुमारे ६० मीटर निघाला.

आता मुंबई. संभाव्य जागांचा पट्टा मुंबईवरून जात होता, हे खरं. पण ३.१ टक्के ही संपूर्ण पृथ्वीची शक्यता होती. पट्टा दहा हजार किलोमीटरहून बराच लांब. त्यातल्या शंभर किलोमीटरच्या तुकड्याच्या वाट्याला आकड्याचा शंभरावा हिस्साही येत नाही, म्हणजे ०.०३ टक्क्यांहून कमी. ही एक ओळ चौकटीत असती, तर मामेभावाचा निरोप तिथेच अडला असता.

२४ तारखेला चौकट बदलताना जुना आकडा गुपचूप पुसू नये. 'मंगळवारी ३.१, आता ०.००४, कारण नव्या निरीक्षणांनी पृथ्वी पट्टीबाहेर गेली' असं लिहावं. आणि त्याखाली एक नवी ओळ घालावी लागली असती: चंद्रावर आदळण्याची शक्यता १.७ टक्के. एप्रिलमध्ये ती ३.८ झाली, जूनमध्ये ४.३. मामेभावाचा फोन आला: "आता चंद्राचा धोका वाढला म्हणे?" मी विचारलं, "वाडीतली किती घरं तपासून झाली?"